पश्चिमेची काच: द्वारकेतल्या ऑफिससाठी पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

दिल्लीच्या द्वारकेत एखाद्या प्लॉटवर ऑफिसची इमारत उभी राहू लागली की काचवाल्यांची कोटेशनं येऊ लागतात. एक म्हणतो, चौरस फुटाला १४० रुपये. दुसरा २२० मागतो आणि ‘डबल ग्लास आहे, गरमी येणारच नाही’ असं सांगतो. तिसरा ३५० चा आकडा टाकून कॅटलॉग पुढे सरकवतो. मालक मधला दर पकडतो आणि पुढची वीस वर्षं एसीचं बिल भरत राहतो. या तीन दरांमधला मधला सौदा द्वारकेत बहुतेक वेळा सर्वांत वाईट ठरतो. तो का, हे कळायला तीन आकडे समजले तरी पुरे.

पहिला आकडा एसएचजीसी. काचेवर पडलेल्या उन्हातली किती ऊर्जा उष्णता होऊन आत येते, तो हिस्सा. ०.८२ म्हणजे शंभरातली ब्याऐंशी, ०.२७ म्हणजे सत्तावीस. दुसरा व्हीएलटी, म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश किती आत येतो. तिसरा यू-व्हॅल्यू: ऊन असो वा नसो, बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असताना काचेच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता झिरपते. पहिल्याला ऊन लागतं, तिसऱ्याला फक्त तापमानातला फरक. दिल्लीत या दोघांपैकी कोण जास्त छळतं, हे मोजूनच बघू.

समजा, द्वारकेत चार मजली ऑफिस आहे, रस्ता पश्चिमेला आहे आणि त्या बाजूला १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट काच बसणार आहे. मे महिन्यातली दुपार, साडेचारची वेळ. बाहेर ४४ अंश, आत २४. पश्चिमेच्या उभ्या काचेवर अशा वेळी चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं असं धरू. आता साधी एकेरी ६ मिमी पारदर्शक काच घ्या. तिचा एसएचजीसी ०.८२, यू ५.७. उन्हातून आत येणारी उष्णता १०० × ६०० × ०.८२, म्हणजे ४९ किलोवॅट. तापमानाच्या फरकातून येणारी १०० × ५.७ × २०, म्हणजे ११.४ किलोवॅट. एकूण साठ. एसीचा एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, तेव्हा नुसत्या या एका भिंतीसाठी १७ टन एसी लागला.

ऊन ४९ आणि तापमानातला फरक ११. सगळी निवड या प्रमाणावर ठरते. युरोपातल्या थंड देशांत कॅटलॉगचं पहिलं पान यू-व्हॅल्यूला देतात, कारण तिथे आतली ऊब बाहेर पळू द्यायची नसते. आपल्याकडे विक्रेते तेच पान तसंच दाखवतात. ‘डबल ग्लास’ म्हणजे दोन काचांमध्ये हवेची पोकळी, आणि पोकळी यू कमी करते. उन्हाला मात्र ती फारशी अडवत नाही, कारण ऊन दोन्ही पारदर्शक काचांमधून आरपार जातं.

हाच हिशेब पाच प्रकारच्या काचांना लावून बघा. दर टफन करण्यासह, चौरस फुटाचे आहेत. ते मी हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या हातातल्या कोटेशनमधले आकडे त्यांच्या जागी घाला. काचेचे गुणही त्या-त्या प्रकारात साधारण मिळणारे आहेत, कोणा एका कंपनीचे नाहीत.

| काच | एसएचजीसी | व्हीएलटी | यू | एसीचा भार, टन | दर, रुपये | १८ टक्के जीएसटीसह खर्च |
|---|---|---|---|---|---|---|
| एकेरी पारदर्शक | ०.८२ | ०.८८ | ५.७ | १७.२ | ९० | १.१४ लाख |
| एकेरी रिफ्लेक्टिव्ह | ०.४५ | ०.३० | ५.७ | १०.९ | १४० | १.७८ लाख |
| दुहेरी, दोन्ही पारदर्शक | ०.७० | ०.७९ | २.८ | १३.५ | २२० | २.७९ लाख |
| दुहेरी, सोलर कंट्रोल कोटिंग | ०.२७ | ०.४० | १.८ | ५.६ | ३५० | ४.४४ लाख |
| तीच, पोकळीत आर्गॉन | ०.२७ | ०.४० | १.३ | ५.३ | ३८० | ४.८२ लाख |

तिसरी ओळ दुसरीसमोर ठेवा. दोन पारदर्शक काचांची दुहेरी काच एकेरी रिफ्लेक्टिव्हपेक्षा लाखभर रुपयांनी महाग आहे, आणि तरी पश्चिमेला एसीचा भार अडीच टनांनी वाढवते. ‘डबल आहे’ हे वाक्य ऐकून सही करणाऱ्याची फसगत इथेच होते. विक्रेता खोटं बोलत नाही. काच खरंच डबल असते.

आता चौथी ओळ. रिफ्लेक्टिव्हपेक्षा २.६७ लाख जास्त. पण भार ५.३ टनांनी उतरला. व्हीआरएफ पद्धतीच्या एसीला टनामागे सगळं धरून ४५,००० रुपये लावले तर २.३८ लाख एसीतच वाचले. उरले तीसेक हजार. पारदर्शक एकेरीशी तुलना केली तर काचेवरचे ३.३० लाख जादा गेले, एसीवरचे ५.२ लाख वाचले. म्हणजे स्वस्त काच पहिल्या दिवसापासूनच महाग पडली. फक्त ही बचत आपोआप होत नाही. एसीच्या सल्लागाराने हीट लोड आधीच, जुन्या काचेवर काढून ठेवलेला असतो, आणि काच बदलली तरी त्या कागदाला कोणी हात लावत नाही. नवे तिन्ही आकडे त्याला लेखी द्या, हीट लोड पुन्हा काढून घ्या आणि मगच एसीची ऑर्डर जाऊ द्या. नाहीतर महाग काचही घेतली आणि एसीही जुन्याच टनांचा, असं होतं.

विजेचं बघू. एप्रिल ते ऑक्टोबर, कामाच्या १७५ दिवसांत पश्चिमेच्या काचेवर चौरस मीटरला ४०० युनिट ऊन पडतं असं धरा, आणि कामाच्या वेळेत आत-बाहेर सरासरी ८ अंशांचा फरक. रिफ्लेक्टिव्हऐवजी चौथी काच घेतली तर उन्हातून येणारी ७,२०० आणि तापमानाच्या फरकातून येणारी ४,९०० युनिट उष्णता वाचते. एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून वीज वाचली ४,००० युनिट. द्वारकेत बीएसईएस राजधानीचं बिल येतं. बिगरघरगुती दरावर अधिभार वगैरे चढून युनिट १२ रुपयांना पडतं असं धरलं तर वर्षाला ४८,००० रुपये. एसी आधीच बसलेला असेल, म्हणजे टनांची बचत हातची गेली असेल, तर काचेचा जादा खर्च फिटायला साडेपाच वर्षं लागतील. नव्या इमारतीत तो वर्षभराच्या आत फिटतो.

आणि आर्गॉन? यू १.८ वरून १.३ वर आला की या सगळ्या काचेवर वर्षाला २१० युनिट वीज वाचते, म्हणजे अडीच हजार रुपये. जादा खर्च ३८,०००. पंधरा वर्षांनी फिटेल, तोवर कडांच्या सीलमधून थोडा गॅस गेलेलाही असेल. दिल्लीच्या ऑफिसला आर्गॉन किंवा तीन काचांची रचना देऊ करणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा आणि ते पैसे एसएचजीसीवर लावा.

व्हीएलटीकडे मात्र दुर्लक्ष नको. एसएचजीसी कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काच काळी करणं. १५ टक्के व्हीएलटीची गडद रिफ्लेक्टिव्ह काच लावलेल्या ऑफिसात भर दुपारी दिवे चालू असतात. दिव्यांची वीज जाते, शिवाय त्यांची उष्णता एसीला काढावी लागते. संध्याकाळी अशा काचेचा आतून आरसा होतो आणि बाहेरून सगळं दिसतं. म्हणून व्हीएलटीला एसएचजीसीने भागून बघा. रिफ्लेक्टिव्हचं उत्तर ०.६७ येतं, पारदर्शकचं १.०७, चौथ्या काचेचं १.५. हा भागाकार जितका मोठा, तितका त्याच उष्णतेत जास्त उजेड. पश्चिमेला ३५ ते ४५ टक्के व्हीएलटी पुरतो. त्याहून जास्त घेतला तर दुपारी चारनंतर संगणकाच्या पडद्यावर चकाकी येते, लोक पडदे ओढतात आणि घेतलेला उजेड वाया जातो.

हाच भागाकार खोटं पकडायलाही कामी येतो. उन्हाच्या ऊर्जेतला निम्म्याच्या जरा खालचा भाग दृश्य प्रकाशाचा असतो. प्रकाश आत घेतला की त्याची तेवढी उष्णता आत येणारच. त्यामुळे भागाकार सव्वादोनच्या पलीकडे जाणं अवघड असतं. ‘साठ टक्के उजेड, एसएचजीसी ०.२०’ असा दावा कोणी केला तर भागाकार तीन येतो. त्या कागदावर वेळ घालवू नका. ‘९० टक्के उष्णता अडवते’ असं लिहिलेलं असलं तर तो आकडा बहुधा फक्त अवरक्त किरणांचा असतो, सगळ्या उन्हाचा नव्हे.

कागदावरचे आणखी दोन सापळे आहेत. काही जुन्या पत्रकांत एसएचजीसीऐवजी शेडिंग कोइफिशंट छापतात. तो ०.८७ ने गुणा, मग एसएचजीसी मिळतो, ०.३१ चा शेडिंग कोइफिशंट म्हणजे ०.२७ चा एसएचजीसी. दुसरा यू-व्हॅल्यूच्या एककाचा. अमेरिकन पत्रकात यू ०.३० दिसला की डोळे विस्फारतात, पण तो आपल्या एककात ५.६८ ने गुणायचा असतो. उत्तर १.७, म्हणजे जवळपास आपली चौथीच काच.

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची, म्हणजे ईसीबीसीची २०१७ ची आवृत्ती १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी आणि त्यावरच्या इमारतींसाठी लिहिलेली आहे. दिल्ली तिच्यात संमिश्र हवामानात मोडते, आपलं नागपूरही त्यातच. या हवामानात काचेसाठी यू जास्तीत जास्त ३.०, उत्तर सोडून इतर दिशांना एसएचजीसी जास्तीत जास्त ०.२७, उत्तरेला ०.५०, व्हीएलटी किमान ०.२७ आणि काच भिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक नाही, असं तिथे लिहिलं आहे. तुमची इमारत त्याहून लहान असली तरी कोटेशन तपासायला हे आकडे उत्तम आहेत.

संहितेचा यू नुसत्या काचेचा नाही, चौकटीसकट आहे. कॅटलॉगमधला असतो तो काचेच्या मधोमधचा. ॲल्युमिनियमच्या साध्या चौकटीतून उष्णता भराभर जाते. तिचा यू ७ धरा आणि ती एकूण क्षेत्राच्या १५ टक्के आहे असं माना. चौथ्या काचेचा १.८ मग ०.८५ × १.८ अधिक ०.१५ × ७, म्हणजे २.५८ होतो. कडांची भर धरूनही ३.० च्या आत राहतो. पारदर्शक दुहेरीचा २.८ मात्र ३.४ होऊन नापास होतो. म्हणून काचवाल्याकडून आणि ॲल्युमिनियमवाल्याकडून वेगवेगळे कागद न घेता, एकत्र बसवलेल्या खिडकीचे आकडे कोण देणार हे आधी ठरवा. यू कमी करायचा असेल तर या टप्प्यावर आर्गॉनपेक्षा थर्मल ब्रेक असलेली चौकट जास्त कामाची.

चारी बाजूंना एकच काच लावण्याचा आग्रह आर्किटेक्टचा असतो, कारण बाहेरून रंग एकसारखा दिसतो. पैसे तुमचे आहेत, तेव्हा थोडं भांडा. उत्तरेला ऊन फक्त मार्चअखेर ते सप्टेंबरच्या दरम्यान सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरकं लागतं, तिथे ०.५० च्या आतली, जास्त उजेड देणारी, त्याच रंगकुळातली स्वस्त काच चालते. दक्षिणेला छज्जा करा. द्वारका २८.६ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात दुपारी बाराला सूर्य ८० अंशांवर असतो, तेव्हा अर्ध्या मीटरचा छज्जा खाली जवळजवळ तीन मीटर सावली टाकतो. डिसेंबरात सूर्य ३८ अंशांवर येतो, सावली चाळीस सेंटीमीटरवर थांबते आणि ऊन आत येतं. तेव्हा ते हवंच असतं. अडचण ऑक्टोबरची. एसी अजून चालू असतो, सूर्य मात्र ५३ अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि सावली फक्त ६५ सेंटीमीटर पडते. त्यामुळे दक्षिणेची काच अगदीच साधी घेऊन भागत नाही, पण छज्ज्यामुळे संहितेतही तिला सूट मिळते. पश्चिमेला छज्जा जवळपास निरुपयोगी आहे. तिथे सूर्य समोरून, कमी उंचीवरून येतो. उभ्या पट्ट्या लावा नाहीतर एसएचजीसीवर खर्च करा. तिसरा मार्ग म्हणजे काचच कमी करा, आणि माझ्या मते ती सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. टेबलाच्या उंचीखालची काच कोणाला उजेड देत नाही, फक्त पायांना ऊन देते. शंभर चौरस मीटरमधली वीस चौरस मीटर विटांची भिंत झाली तर चौथ्या काचेतले नव्वद हजार रुपये मोकळे होतात. त्यातून भिंतीचा खर्च तेवढा वजा करा.

विमानतळ शेजारीच आहे. आवाज ही मोठी तक्रार असेल तर दोन काचा सारख्या जाडीच्या घेऊ नका. ६ आणि ८ मिमी घ्या किंवा आतली लॅमिनेटेड करा. उष्णतेच्या आकड्यांत याने फारसा फरक पडत नाही, दरात पडतो, म्हणून तो वेगळा मागून घ्या.

ऑर्डर देताना नुसतं ‘सोलर कंट्रोल डीजीयू’ लिहू नका. असं लिहा: बाहेरची ६ मिमी हीट-स्ट्रेंदन्ड किंवा टफन्ड, कोटिंगचं पूर्ण नाव आणि कोड, कोटिंग पृष्ठ २ वर, १२ मिमी हवा, आतली ६ मिमी पारदर्शक टफन्ड. पुढे तिन्ही आकडे. पृष्ठं बाहेरून मोजतात: बाहेरच्या काचेची बाहेरची बाजू १, तिची आतली बाजू २. कोटिंग पृष्ठ २ वर असलं की शोषलेली उष्णता बाहेरच्या काचेत राहते आणि वाऱ्याबरोबर जाते. काच उलटी बसवून ते ३ वर गेलं तर यू तेवढाच राहतो, एसएचजीसी मात्र वाढतो, आणि बाहेरून बघून कोणालाही कळत नाही. कोटिंगची काच ऊन शोषते, आणि अर्धी सावलीत अर्धी उन्हात राहिली तर साधी, न तापवलेली काच कडेपासून तडकते. म्हणून बाहेरची किमान हीट-स्ट्रेंदन्ड हवी. ती टफन्ड घेणार असाल तर हीट सोक चाचणीचा दाखला मागा, कारण टफन्ड काच कधीकधी आतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे काही न लागताही फुटते. टफन्डवर आयएस २५५३ चा शिक्का कोपऱ्यात कायमचा उमटवलेला असतो. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, म्हणून माप प्लास्टर झाल्यावर घ्यायचं, नकाशावरून नाही.

बिलाच्या मापाकडेही बघा. काचेच्या धंद्यात मापं वरच्या ठराविक पटीला चढवून आकारतात. तावदानांचे आकार त्या पटीच्या जरा वर असले तर हा जादा आकार काही टक्क्यांपर्यंत जातो. चढवायची पट कोणती, हे कोटेशनवर लिहून घ्या आणि आर्किटेक्टला तावदानांच्या मापात त्या पटीच्या जरा आत राहायला सांगा. उतरवणं, वर चढवणं, सिलिकॉन, आणि ढकलाढकलीत फुटलेल्या काचेचा भुर्दंड कोणावर, हेही त्याच कागदावर यायला हवं.

माल साइटवर आला की बसवण्याआधी संध्याकाळच्या अंधुक उजेडात प्रत्येक खोक्यातली एकेक काच तपासा. लायटरची ज्योत किंवा मोबाइलचा टॉर्च काचेजवळ धरला की दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतात. तीन एका रंगाची असतात, एकाचा रंग वेगळा असतो. तिथे कोटिंग आहे. बाहेरच्या बाजूने बघत असाल तर वेगळं प्रतिबिंब दुसरं हवं, आतून बघत असाल तर तिसरं. पोकळीत धुरकट थर किंवा पाण्याचे थेंब दिसले तर सील गेलं आहे. ती काच परतच करायची, पुसून काही होत नाही. सील टिकण्याची लेखी हमी काच प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याकडून घ्या, बसवणाऱ्या ठेकेदाराकडून नव्हे, आणि ती किती वर्षांची आहे ते दर ठरवण्याआधी विचारा. शेवटचे दहा टक्के पैसे एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवायची अट घाला.

जुन्या इमारतीत काच बदलणं शक्य नसेल तर फिल्म लावण्याचा सल्ला मिळेल. एकेरी काचेला आतून चांगली फिल्म लावली तर एसएचजीसी उतरतो आणि खर्च काचेच्या तुलनेत बराच कमी येतो. दुहेरी काचेला आतून फिल्म लावण्याआधी मात्र काचेच्या कारखान्याला विचारा. फिल्म शोषते ती उष्णता पोकळीमुळे बाहेर जाऊ शकत नाही, आतली काच तापते, आणि ती टफन्ड नसेल तर मेच्या एखाद्या दुपारी तडकते. अशा तडकलेल्या काचेवर मूळची हमी बहुधा लागू होत नाही.